गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातील शंकांसाठी वेळ मिळण्याबाबत

हर्णै,
गुरुवार, 20 ऑगस्ट

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

मी दहावी ब मधली तन्वी, हजेरी क्रमांक 27. ही चिठ्ठी विज्ञानाच्या वहीत ठेवून देते आहे, कारण तास संपला की तुमच्याभोवती गर्दी होते आणि माझं बोलणं राहून जातं. खरं सांगायचं तर सगळ्यांसमोर विचारायला लाजही वाटते. पहिला धडा जूनमध्येच शिकवून झाला, आणि ऑगस्ट संपत आला तरी मी तिथेच अडकले आहे.

घटक चाचणीत मला 20 पैकी 11 मिळाले. व्याख्या आणि सूत्रं बरोबर आली, गुण गेले ते उदाहरणांत. चेंडू 5 मीटर उंच जातो तर सुरुवातीचा वेग काढा, g = 10 घ्या, हे उदाहरण मी असं केलं होतं:

```
v² = u² + 2as
0 = u² + 2 × 10 × 5
u² = -100
```

वर्ग उणे येत नाही एवढं कळत होतं, म्हणून मी उणे चिन्ह खोडलं आणि u = 10 मी/से लिहून मोकळी झाले. तुम्ही शेजारी लाल पेनाने लिहिलंत, "उणे कुठे गेलं?" मलाही तेच विचारायचं आहे. नंतर मैत्रिणीच्या पेपरात पाहिलं, तिने a = -10 घेतलं होतं. पण गुरुत्वाकर्षण तर तेच, खालीच ओढणारं, मग चेंडू वर जाताना ते उणे आणि खाली येताना अधिक कसं? आणि समजा मी जेटीवर उभी राहून चेंडू वर फेकला, तो वर गेला आणि माझ्या बाजूने खाली पाण्यात पडला, तर चिन्ह मध्येच बदलायचं का? की उदाहरण दोन तुकड्यांत सोडवायचं? या प्रकारची चार उदाहरणं सोडवून वहीच्या शेवटच्या पानांवर ठेवली आहेत. दोन जमली, दोन चुकली, पण जमलेली का जमली तेही मला सांगता येणार नाही.

याच्याशीच जोडलेली अजून एक गोष्ट. सर्वोच्च बिंदूला चेंडूचा वेग शून्य असतो, तर त्या क्षणी त्वरणही शून्य का नाही? मी चाचणीत शून्य लिहिलं होतं. चूक आहे हे कळलं, पण थांबलेल्या वस्तूला त्वरण असतं हे अजून मनाला पटत नाही.

दुसरी मोठी शंका भरती-ओहोटीची. ती परीक्षेत किती येते ठाऊक नाही, पण घरी मला रोज तीच विचारली जाते. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. आज अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा, साधारण सहाला भरती. बहुतेक वेळा बरोबर निघतं. मी धडा वाचून त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं की चंद्राच्या ओढीने भरती येते. ते म्हणाले, "चंद्र एका बाजूला असतो ना? मग दिवसात दोनदा पाणी कसं चढतं?" मला उत्तर आलं नाही. वर ते म्हणाले, "आणि अमावास्येला चंद्र दिसत नाही, तरी उधाण तेवढंच का?" तेव्हा चंद्र कुठे असतो ते मी सांगितलं, पण दुसऱ्या बाजूच्या पाण्याचं कोडं तसंच राहिलं.

मग मीच न्यूटनच्या नियमाने गणित करून पाहिलं. सूर्याचं वस्तुमान 2 × 10³⁰ किग्रॅ, अंतर 1.5 × 10¹¹ मी. चंद्राचं वस्तुमान 7.4 × 10²², अंतर 3.84 × 10⁸. पृथ्वीचं वस्तुमान दोन्हीकडे सारखं, म्हणून फक्त M/d² ची तुलना केली. सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे 177 पट निघाली! मग भरती सूर्याच्या वेळापत्रकाने यायला हवी, ती चंद्राच्या तिथीने का येते? तीनदा करून पाहिलं, उत्तर तेच. माझं गणित चुकलं की माझी समजूत, एवढं तरी सांगा. पानावर घड्या आणि खाडाखोड आहे, त्याबद्दल माफ करा.

तिसरी शंका छोटी आहे. अंतराळस्थानक 400 किमी उंचीवर असतं. पृथ्वीची त्रिज्या 6400 किमी धरून मी तिथलं g काढलं तर 8.7 आलं, म्हणजे इथल्यापेक्षा फार कमी नाही. तरी तिथली माणसं तरंगतात कशी? मुक्तिवेगाचं सूत्र पाठ आहे, ते सध्या राहू दे.

बाई, वेळेचं सांगते. मला दोन वेळा अर्धा-अर्धा तास मिळाला तरी पुरे. शाळा अकराला भरते. माझी एसटी दापोलीला पावणेदहाला पोहोचते, म्हणून सोमवारी 24 तारखेला आणि गुरुवारी 27 तारखेला सकाळी 10 ते 10:30 मी प्रयोगशाळेबाहेर थांबू शकते. सोमवारी चिन्हांचं आणि गुरुवारी भरतीचं झालं तर सोयीचं पडेल, मधल्या दिवसांत उदाहरणांचा सराव होईल. हे जमत नसेल तर शनिवारी 29 ला शाळा सुटल्यावर, 11:30 ते 12:30, मी रिकामी आहे. शाळा सुटल्यावर संध्याकाळी मात्र जमणार नाही. आता बोटी सुरू झाल्या आहेत, मासळीच्या लिलावाच्या वेळी आईबरोबर बंदरात हिशेबाची वही मी धरते. शुक्रवारी 28 ला नारळी पौर्णिमा, त्या दिवशी तर आमच्याकडे कुणालाच उसंत नसते. गणपतीच्या आधी हा धडा सुटला तर पुढच्या धड्यांचं ओझं होणार नाही.

माझ्या बाकावरच्या सानियालाही चिन्हांचाच घोळ होतो. तुमची हरकत नसेल तर सोमवारी तिला सोबत आणते. तिची एसटी माझीच आहे. तुम्ही मला शिकवताना पुन्हा पहिल्यापासून धडा घेऊ नका, मी तो चार वेळा वाचला आहे. फक्त या उदाहरणांत माझा विचार नेमका कुठे वळतो ते दाखवा. आकृती फळ्यावर काढलीत तर मला लवकर कळतं.

उत्तर याच वहीत लिहून वर्गात परत दिलंत तरी चालेल, नाहीतर नुसती वेळेवर खूण करा. दोन्ही वेळा गैरसोयीच्या असतील तर तुम्हाला जमेल ती सांगा, मी आदल्या दिवशी घरी विचारून येईन.

आपली विद्यार्थिनी,
तन्वी

ता. क. आजोबांना शनिवारपर्यंत, म्हणजे 29 तारखेपर्यंत, उत्तर देते असं कबूल करून बसले आहे.