कैलासपतीचं राहिलंच

गुरुवार, रात्री

ऋजुता ९:४२
राणीच्या बागेतला फोटो आत्ता नीट बघितला. अहो, ही गोरखचिंच नाही, हा कैलासपती! फुलं फांदीला नाहीत, थेट खोडातून फुटलीत बघा.

निखिल ९:४५
अरेच्चा! भाच्याला रविवारी छाती फुगवून गोरखचिंच सांगून आलोय.

ऋजुता ९:४८
भाच्याची माफी मागा 😄 गोरखचिंच म्हणजे पोट सुटल्यासारखं खोड, मूळची आफ्रिकेतली. कैलासपती दक्षिण अमेरिकेतून आला. पण आपल्याकडे असा काही मुरला की फुलात आपल्याला पिंडी दिसते, वर नागाचा फणासुद्धा.

निखिल ९:४९
आणि ते तोफगोळ्यासारखं फळ डोक्यात पडलं तर?

ऋजुता ९:४९
तर थेट कैलास.

निखिल ९:५०
😂😂

ऋजुता ९:५८
बरं, एक विचारते. दोन आठवडे आपण टाइप करतोय आणि मला खरंच मजा येतेय. पण झाडांबद्दल बोलताना मला हातवारे लागतात, इथे अंगठ्याशिवाय काही हलत नाही. शिवाय तुमचे विनोद मी माझ्याच आवाजात वाचते, ते तुमच्या आवाजात कसे लागतात कुणास ठाऊक.

एकदा फोनवर बोलूया का? रविवारी सकाळी ११ वाजता, वीसेक मिनिटं. साडेअकराला मला आईबरोबर भाजीला जायचंय, म्हणजे लांबण लागायची भीती नाही. व्हिडिओ नको, आमच्या दीड खोलीत मागून आई आधी दिसेल आणि मी नंतर. नंबरही द्यायला नको, इथलंच कॉलचं बटण चालेल.

आणि एवढ्यात नको वाटत असेल तर तसं बिनधास्त सांगा. मी रुसत नाही. गल्लीतल्या ताम्हणाचा फोटो उद्या ठरल्याप्रमाणे येईलच. उत्तराची घाई नाही, झोपा आता.

शुक्रवार

ऋजुता सकाळी ७:५०
📷 हा घ्या ताम्हण. आपलं राज्यपुष्प, आणि खाली कुणीतरी स्कूटर लावून ठेवलीय.

निखिल दुपारी १:२०
सुंदर! स्कूटरसकट.
काल उत्तर दिलं नाही कारण लिहून खोडत होतो. बोलायला आवडेल, पण दोन अडचणी आहेत. एक, रविवारी ताईकडे कल्याणला निघालोय. अकराला गाडीत असेन, त्यात मेगाब्लॉक असला तर कधी पोचेन देव जाणे.

निखिल दुपारी १:२४
दुसरी सांगायला जरा लाज वाटते. नुसत्या फोनवर मी अडखळतो. समोरचा गप्प झाला की मला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. ऑफिसचे फोनसुद्धा मुद्दे कागदावर लिहून घेऊन करतो. चेहरा दिसला की जमतं. म्हणजे मला उलट व्हिडिओच सोपा. विचित्र आहे ना?

ऋजुता दुपारी १:४१
मुळीच नाही. बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी मध्येच गप्प बसून फुलपाखरं बघितली असती आणि तुम्ही घाम पुसत बसला असता.
गाडीतलं तर नकोच, पारसिकच्या बोगद्यात नुसतं हॅलो हॅलो होईल.

ऋजुता दुपारी १:४६
मग असं करू. मी गच्चीवर जाते, तिथून व्हिडिओ करू. मागे आई नसेल, पाण्याच्या टाक्या असतील. उद्या, शनिवारी संध्याकाळी साडेसहा? सातनंतर अंधार पडतो, मग तुम्हाला नुसतीच टाकी दिसेल. उद्या नसेल जमत तर मंगळवारी हीच वेळ. दोन्ही नको असतील तर पुढच्या आठवड्यात तुम्ही सांगाल तेव्हा.

निखिल दुपारी १:५३
शनिवार साडेसहा. पक्कं. गच्चीवर कुणी विचारलं तर?

ऋजुता दुपारी १:५४
झाडांबद्दल बोलतेय म्हणेन. खोटं कुठेय?
आणि हे अहो-जाहो पुढे चालू ठेवायचं की नाही, ते तेव्हाच बघू.

शनिवार, संध्याकाळ

ऋजुता ६:२१
वर आले. पण शेजारच्या काकू वाळत घातलेले पापड गोळा करतायत आणि मला हाताशी धरलंय. दहा मिनिटं उशिरा चालेल का?

निखिल ६:२२
चालेल की. मी तिसरा शर्ट बदलतोय.

ऋजुता ६:३८
काकू गेल्या. दोन पापड फुटले, त्यातला एक मी खाल्ला. लावा.