दादरला न थांबणारी ट्रेन: रिलेटिव्हिटीच्या स्लाइड्स नीट समजावून

मंडळी, शनिवारी लेक्चरला कोण कोण नव्हतं ते माहितीये, सरांच्या स्लाइड्स ग्रुपवर आल्यात पण त्यात नुसती चित्रं आणि फॉर्म्युले आहेत, म्हणून मधलं सगळं लिहून टाकते. स्लाइड्स उघडून शेजारी ठेवा.

स्लाइड 1 आणि 2 पटकन. 1905 साली आइन्स्टाइनने दोन गोष्टी गृहीत धरल्या, एकसमान वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाला फिजिक्सचे नियम सारखेच, आणि व्हॅक्यूममध्ये प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो, मग दिवा धावत्या ट्रेनमध्ये असो नाहीतर प्लॅटफॉर्मवर. पुढचं सगळं या दुसऱ्या वाक्यातून निघतं.

स्लाइड 3, लाइट क्लॉक. डब्याच्या फ्लोअरवर एक आरसा, बरोब्बर वर 1.5 मीटरवर दुसरा, मध्ये प्रकाश वरखाली. एक फेरी म्हणजे एक टिक. डब्यात बसलेल्या सीमाला प्रकाश सरळ वर जाऊन सरळ खाली येताना दिसतो, 3 मीटर, म्हणजे 10 नॅनोसेकंद. आता ट्रेन 0.6c ने दादरवरून न थांबता चाललीय (लोकं दगड मारतील, पण असो) आणि प्लॅटफॉर्मवर मंदार उभा आहे. त्याला तोच प्रकाश तिरका दिसतो कारण वर पोचेपर्यंत वरचा आरसा पुढे सरकलेला असतो. रस्ता लांबला, वेग मात्र वाढू शकत नाही, मग उरलं काय, वेळच वाढणार! पायथागोरस लावा:

(ct/2)² = h² + (vt/2)²

यातून t = t0/√(1 − v²/c²). आकडे टाका, खाली छेदात 0.8 येतं, म्हणून मंदारच्या हिशोबाने टिक 12.5 नॅनोसेकंदांची. तेवढ्यात ट्रेन 2.25 मीटर पुढे गेली, तिरका रस्ता एकूण 3.75 मीटर, भागिले c, परत 12.5. जुळतंय.

इथे एक गोष्ट स्लाइडवर नाहीये आणि व्हायवाला हमखास विचारतात: h दोघांना सारखाच कशावरून? समजा धावणाऱ्या गोष्टीची उंची कमी होते. सीमाने खिडकीतून 1.5 मीटरवर रंगाचा ब्रश बाहेर धरला, मंदारनेही तेवढ्याच उंचीवर ट्रेनकडे ब्रश धरला. मंदार म्हणणार सीमाची रेघ माझ्या ब्रशच्या खाली, सीमा म्हणणार मंदारचीच खाली. रंग वाळल्यावर दोन्ही खरं असूच शकत नाही, म्हणून आडव्या वेगाने उंची बदलत नाही.

स्लाइड 4, लांबी. इथे सगळे गोंधळतात, आणि माझ्या मते एकच प्रश्न विचारला की गोंधळ सुटतो: दोन्ही घटनांना हजर असलेलं एकच घड्याळ कोणाकडे आहे? प्लॅटफॉर्म 270 मीटर धरा, सीमा पहिल्या टोकाला आली ही एक घटना, शेवटच्या टोकाला पोचली ही दुसरी. मंदारच्या लोकांना दोन टोकांना दोन घड्याळं लागतात, त्यांचं उत्तर 1500 नॅनोसेकंद. सीमाच्या मनगटावरचं घड्याळ मात्र दोन्हीकडे हजर आहे, तेच कमी वेळ दाखवणार, 1500 भागिले 1.25 म्हणजे 1200. प्लॅटफॉर्म तिच्यासमोरून 0.6c नेच मागे गेला, मग तिच्या दृष्टीने त्याची लांबी 216 मीटर. L = L0√(1 − v²/c²), झालं, वेगळं पाठ करायला नको.

“पण सीमालाही प्लॅटफॉर्मची घड्याळं हळू दिसतात ना, मग 1500 कुठून आले?” हा प्रश्न बरोबर आहे, टाळू नका. सीमाच्या मते तिच्या 1200 मध्ये प्लॅटफॉर्मचं प्रत्येक घड्याळ फक्त 960 पुढे सरकलं. पण तिच्या मते ती दोन घड्याळं मुळात एकत्र लावलेलीच नाहीत, पलीकडच्या टोकाचं vL0/c² ने, म्हणजे 540 नॅनोसेकंदांनी पुढे आहे. 960 अधिक 540, 1500. कोणीच खोटं बोलत नाहीये. “एकाच वेळी” हे दोघांचं वेगळं आहे एवढंच.

स्लाइड 5 वर आपल्या लोकलचा हिशोब: ताशी 100 किलोमीटरने तासभर गेलात तर फरक साधारण 15 पिकोसेकंद, म्हणून लेटमार्क वाचत नाही.

स्लाइड 6, म्युऑन. साधारण 15 किलोमीटर वर तयार होतात, सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, जुन्या हिशोबाने 660 मीटरच्या आसपास संपायला हवेत. 0.998c ला आयुष्य आपल्या घड्याळाने जवळपास 35 मायक्रोसेकंद होतं, म्हणून भरपूर जमिनीवर पोचतात, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचा उटीतला ग्रेप्स-3 प्रयोग हेच म्युऑन मोजतो. म्युऑनला विचारलं तर तो म्हणेल माझं आयुष्य 2.2 च आहे, वातावरणच 15 किलोमीटरऐवजी जेमतेम 950 मीटर जाड आहे. एकच घड्याळ इथे कोणाकडे, ते तुम्हीच सांगा, सोमवारी सर पहिलं हेच विचारणारेत.