ताई, बुधवारच्या त्या मेसेजबद्दल

ताई, झोपली असशील तर सकाळी वाच, घाई नाही. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकदमच बोलायला लागतो आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते, म्हणून लिहितेय. एकच गोष्ट सांगायचीय, बाकी काही उकरून काढायचं नाहीये.

बुधवारी तू विचारलंस शनिवारी येऊ का, आणि मी लिहिलं, "तू नाही आलीस तरी चालेल." आज दुपारी आप्पा झोपल्यावर ते चॅट वर जाऊन परत वाचलं, तू वाचलं असशील तसं वाचून बघितलं, आणि पोटात गोळाच आला गं. तोंडावर दार लावल्यासारखं दिसतंय ते. पुढे टिंब पण आहे, एरवी मी कधी देत नाही.

तेव्हा मी मेडिकलच्या काउंटरला उभी होते. आप्पांच्या एका डोळ्याला पट्टी, त्यांना पायरीचा अंदाज येत नव्हता म्हणून एका हाताने त्यांचा दंड धरलेला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाईप करत होते आणि मागचा माणूस "मॅडम सरका जरा" म्हणत होता. मनात हे होतं की पोरीची दहावीची प्रिलिम चालूय, दाजी टूरवर, तू ठाण्याहून एकटी धावतपळत येणार आणि रविवारी रात्री परत निघणार, तर तू एवढी ओढाताण करू नकोस, ऑपरेशन नीट झालंय, मी आहे ना इथे. हे सगळं माझ्या मनातच राहिलं आणि तुला मिळाले ते पाच शब्द. तोंडाने बोलले असते तर "अगं नाही आलीस तरी चालेल गं, पोरीचं बघ आधी" असंच आलं असतं आणि तुला लगेच कळलं असतं. त्या मेसेजमध्ये "गं" नाही, "ताई" पण नाही. मी तुला ताई न म्हणता काही लिहिलंय असं मला तरी आठवत नाही, मग तुला ते लागणारच ना.

"तुझी गरज नाही" असं मला म्हणायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. तू तसा अर्थ घेतलास यात तुझं काही चुकलं नाही, मला कुणी असं लिहिलं असतं तर मी पण तोच घेतला असता. शब्द माझे होते. सॉरी ताई, मनापासून.

त्यानंतर रात्री आपण एकमेकींना काय काय बोललो ते आत्ता नको. पैशांचं आणि आईच्या आजारपणातलं तुझ्या मनात बरंच साठलंय हे मात्र मला कळलंय, ते मी टाळणार नाहीये, फक्त टाईप करून नको. तू आलीस की रात्री आप्पा झोपल्यावर चहा टाकू आणि बसू, तू बोल, मी मधे बोलणार नाही.

आप्पांना यातलं काहीच माहीत नाही. दोन बाटल्या आहेत ड्रॉप्सच्या, एक घातला की पाच मिनिटं थांबून दुसरा घालायचा, आणि माझा हात जवळ आला की ते डोळा गच्च मिटतात, निम्मं औषध गालावर जातं. काल म्हणाले, "थोरली बरोबर घालेल, तिचा हात हलका आहे." मधल्या त्या पाच मिनिटांत डोळे मिटून पडलेले असतात आणि तुझंच विचारतात. आज विचारलं, ठाण्याची गाडी इथे किती वाजता पोचते गं. मला काही बोलताच येईना, मी नुसतं त्यांचं पांघरूण नीट केलं.

तर तू बुधवारी जे विचारलंस त्याचं उत्तर परत देते. ये ताई. शनिवारी जमलं तर शनिवारी, नाहीतर प्रिलिम संपल्यावर पोरीला घेऊनच ये, चार दिवस राहा. मला एकटीला जमतंय म्हणून नको येऊस असं काही नाहीये, मलाही तू हवीयेस. सोमवारी डॉक्टर परत बघणार आहेत, तोवर डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, आणि हे मी सांगितलं तर ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

गाडी साताऱ्यात आत येणार नसेल तर हायवेलाच बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतर, मी स्कूटी घेऊन येते, बसलीस की फक्त वेळ टाक. आणि हॉस्पिटलने दिलेला काळा चष्मा त्यांना कानामागे टोचतोय, दाजींचा जुना गॉगल घरात असेल तर तेवढा आण.