सानिकाच्या गणिताच्या निकालाविषयी

सानिकाच्या आई-बाबांना,
सप्रेम नमस्कार.

सातवीच्या दुसऱ्या घटक चाचणीत सानिकाला गणितात ४० पैकी १५ गुण मिळाले आहेत. पहिल्या चाचणीत तिला २४ होते, त्यामुळे हा आकडा पाहून तुम्हाला काळजी वाटणं साहजिक आहे. मलाही वाटली. म्हणून उत्तरपत्रिका तिच्यासोबत बसून पुन्हा पाहिली आणि त्यात जे दिसलं ते तुम्हाला कळवते आहे.

भूमितीत तिला १० पैकी ७ आहेत, आकृत्याही नेटक्या आहेत. समीकरणांत १० पैकी ४, पूर्णांक संख्यांत ८ पैकी २ आणि अपूर्णांकांत १२ पैकी २. खरी अडचण शेवटच्या दोन घटकांत आहे; समीकरणांचे गुण त्यांच्यामुळेच गेले. एक उदाहरण देते. २x + ९ = ३ या समीकरणात तिने २x = ३ − ९ असं अचूक लिहिलं, म्हणजे रीत तिला समजली आहे. पण पुढे ३ − ९ चं उत्तर −६ ऐवजी ६ लिहिलं आणि x = −३ यायच्या जागी ३ आला. −५ − ३ चं उत्तरही तिने −८ ऐवजी ८ लिहिलं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, "दोन वजा आले की अधिक होतं ना?" गुणाकाराचा नियम ती बेरीज-वजाबाकीलाही लावते आहे.

अपूर्णांकांत २/३ + १/४ चं उत्तर तिने ३/७ लिहिलं: अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ३/७ हे २/३ पेक्षाही लहान आहे, म्हणजे बेरीज करून संख्या कमी झाली, हे तिला खटकलं नाही. छेद समान करून ८/१२ + ३/१२ = ११/१२ ही रीत मागच्या वर्षी शिकवली तेव्हा ती आजारपणामुळे बरेच दिवस वर्गात नव्हती, आणि तो भाग तसाच राहून गेला.

हे मला आधी कळायला हवं होतं. तिचा गृहपाठ नेहमी बरोबर असायचा, म्हणून मी खोलात गेले नाही. काही गणितं मैत्रिणीच्या वहीतून उतरवली होती, असं तिने आता स्वतःहून सांगितलं आणि तुम्हाला कळवायलाही होकार दिला. कृपया त्यावरून तिला रागावू नका. तिने खरं सांगितलं म्हणूनच पुढचं काम सोपं झालं आहे.

पुढचे आठ आठवडे असं करायचं ठरवलं आहे. दर मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास मी तिला वेगळं शिकवीन. पहिले चार आठवडे फक्त अपूर्णांक, तेही कागदाच्या पट्ट्या दुमडून, मग लसावि काढून. नंतर संख्यारेषेवर पूर्णांक, आणि शेवटी पुन्हा समीकरणं. दर शुक्रवारी दहा गणितं देईन. त्यांचे गुण निकालात धरले जाणार नाहीत. चौथ्या आठवड्यात अपूर्णांकांची दहापैकी सात बरोबर आली, तर आपण योग्य वाटेवर आहोत असं मी समजेन. नाही आली, तर पुढे न जाता तोच भाग वेगळ्या पद्धतीने घेईन आणि तुम्हाला भेटायला बोलावीन.

घरी आठवड्यातले पाच दिवस, रोज वीस मिनिटं पुरेत. त्यासाठी एक वेगळी वही करा. मी दिलेली सहा गणितं ती त्यात सोडवील. अडली तर उत्तर सांगू नका, "इथपर्यंत कसं केलंस ते मला सांग" एवढंच म्हणा. सांगता सांगता तिची चूक बऱ्याचदा तिलाच सापडते, हे मी वर्गात पाहिलं आहे. चुकलेलं खोडू देऊ नका. त्यावर एक रेघ मारून खाली पुन्हा करू द्या, कारण मला त्या चुका पाहायच्या आहेत. छेद समान करताना ७, ८ आणि ९ च्या पाढ्यांशी ती अडखळते, तेव्हा येता-जाता ते विचारत राहा. वीस मिनिटं झाली की वही बंद, गणितं उरली असली तरी.

नवी शिकवणी आत्ताच लावू नये असं माझं मत आहे. तिथे सातवीचाच पुढचा भाग चालेल आणि तिची अडचण मागची आहे. आणखी एक विनंती, धाकट्या भावाच्या गुणांशी तिची तुलना टाळा. "मला गणित येतच नाही" असं ती माझ्याशी बोलताना तीनदा म्हणाली, आणि अपूर्णांकांइतकीच मला त्या वाक्याची काळजी वाटते.

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता शाळेत भेटू शकाल का? दोघांपैकी एक जण आलात तरी चालेल. सानिकालाही सोबत आणा. उत्तरपत्रिका मी काढून ठेवते. ती वेळ जमत नसेल तर तिच्या दैनंदिनीत सोयीची वेळ लिहून पाठवा.

आपली,
सानिकाची गणित शिक्षिका
इयत्ता सातवी