चांगुलपणा आज्ञेआधीच असतो

ईश्वर आज्ञा देतो म्हणूनच गोष्टी चांगल्या आणि बंधनकारक ठरतात, असे एक मत आहे. कर्तव्याला ईश्वराच्या आज्ञेचा आधार देता येईल. चांगुलपणाला देता येत नाही. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादात सॉक्रेटिस विचारतो, देवांना प्रिय म्हणून एखादी गोष्ट पवित्र, की पवित्र म्हणून ती देवांना प्रिय? पहिला पर्याय घेतला, म्हणजे ईश्वराच्या पसंतीनेच गोष्ट चांगली ठरते असे मानले, तर निरपराध मुलाचा छळ करण्याची आज्ञा झाल्यास तेही कर्तव्यच ठरेल. शिवाय ‘ईश्वर चांगला आहे’ याचा अर्थ ‘तो स्वतःचे म्हणणे पाळतो’ एवढाच उरेल, मग त्याची स्तुती कशासाठी करायची?

तत्त्वज्ञ रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी या मतात केलेली दुरुस्ती मला सर्वांत भक्कम वाटते. ईश्वराशी साम्य म्हणजे चांगुलपणा. आज्ञेतून येते ते फक्त कर्तव्य, आणि तेही आज्ञा देणारा प्रेमळ असेल तरच. छळाची आज्ञा इथे बंधनकारक राहत नाही.

पण मग प्रेमळपणाच का, क्रौर्य का नाही? तत्त्वज्ञ विल्यम ऑल्स्टन म्हणतात, ईश्वर स्वतःच मापदंड आहे, जशी एकेकाळी पॅरिसमधली प्रमाण मीटरपट्टी मीटरचा मापदंड होती. इथेच युक्तिवाद अडतो. मीटरसाठी दुसऱ्या लांबीची पट्टी निवडली असती तरी काही बिघडले नसते. क्रूर ईश्वराला मापदंड मानले, तर सगळेच बिघडते, आणि ते बिघडते हे कळायला आपल्याकडे त्या मापदंडाआधीचे काहीतरी असावे लागते.