विनापरवानगी बाल्कनी बंदिस्त केल्याबाबत सभासदास नोटीस

शिरीषछाया सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
वारजे, पुणे ४११०५८

जावक क्र. ४७/२०२५-२६
दिनांक : ८ जुलै २०२५

(समक्ष पोच घेऊन व रजिस्टर पोस्टाने)

प्रति,
श्री. मिलिंद दत्तात्रय साठे
सौ. रेवती मिलिंद साठे (सहसभासद)
सदनिका क्र. ४०२, ब विंग

विषय : सदनिका क्र. ४०२ च्या हॉललगतची बाल्कनी परवानगीशिवाय बंदिस्त केल्याबाबत व ती पूर्ववत करण्याबाबत.

संदर्भ : १) आपला नूतनीकरणाचा अर्ज व त्यावरील परवानगी पत्र, दि. २१ एप्रिल २०२५
२) संस्थेचे पत्र, दि. २४ मे २०२५
३) आपला लेखी खुलासा, दि. २ जून २०२५
४) सदनिका क्र. ३०२ ची गळतीची तक्रार, दि. ९ जून २०२५
५) स्थळपाहणी, दि. १४ जून २०२५
६) व्यवस्थापन समितीची सभा, दि. २९ जून २०२५, ठराव क्र. ६

सप्रेम नमस्कार,

व्यवस्थापन समितीच्या वरील ठरावानुसार आपणांस ही नोटीस देण्यात येत आहे.

आपण एप्रिलमध्ये संस्थेच्या छापील नमुन्यात अर्ज भरून दिला. त्यात स्वयंपाकघराचा ओटा व टाइल्स बदलणे आणि संडास-बाथरूमचे वॉटरप्रूफिंग एवढ्याच कामांचा उल्लेख आहे. १५,००० रुपये अनामत घेऊन संस्थेने तेवढ्याच कामांना परवानगी दिली. "भिंत, कॉलम, बीम, बाल्कनी यांत फेरबदल होणार आहेत काय?" या रकान्यात आपण स्वहस्ताक्षरात "नाही" असे लिहिले आहे. १९ मे रोजी सुरक्षारक्षकाने लिफ्टमधून वाळू आणि विटांच्या गोणी चढताना पाहिल्या. त्याच संध्याकाळी सचिवांनी आपल्याला दारात येऊन काम थांबवण्यास सांगितले. काम थांबले नाही. २४ मे च्या पत्रानंतरही ते चालूच राहिले आणि मेअखेरीस खिडकी बसवून रंगही झाला.

आपल्या संमतीने व आपल्या उपस्थितीत १४ जून रोजी संस्थेने नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी पाहणी केली. उपविधी क्र. ४७ (अ) नुसार सचिवांना पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करता येते. आपण त्या दिवशी सहकार्य केले, याची नोंद समितीने घेतली आहे. पाहणीत आढळले ते असे :

बाल्कनीच्या कठड्यावर तिन्ही बाजूंनी छतापर्यंत चार इंची विटांची भिंत बांधून समोर सरकती खिडकी बसवली आहे. हॉल आणि बाल्कनी यांच्यामधला दरवाजा, चौकट व त्यालगतची भिंत काढून टाकली आहे. हॉलच्या पातळीला आणण्यासाठी बाल्कनीच्या मूळ फरशीवर सुमारे चार इंच भर घालून वर नव्या टाइल्स लावल्या आहेत. बाल्कनीची पाण्याची मोरी सिमेंटने बुजवली आहे. कोपऱ्यातून खाली जाणारा पावसाच्या पाण्याचा सामाईक पाइप टाइल्सच्या बॉक्सिंगमध्ये बंद केला आहे.

ही बाल्कनी पुढे काढलेल्या स्लॅबवर आहे. तिच्या खाली आधाराचा कॉलम नाही. इंजिनिअरांच्या अंदाजाप्रमाणे नवी भिंत व भर मिळून दीड टनाहून अधिक कायमचे वजन या स्लॅबवर आले आहे. त्यातही भिंतीचे वजन स्लॅबच्या टोकाला, म्हणजे जिथे ते सर्वांत जास्त ताण देते तिथे, येते. आपली इमारत २००४ ची आहे. २०२२ च्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ब विंगमधील बाल्कन्यांच्या खालच्या बाजूस सळ्या गंजून प्लास्टर फुगल्याची नोंद होती, आणि त्या दुरुस्तीसाठी काढलेली वर्गणी आपणही भरली आहे.

आता पाण्याविषयी. भिंतीचे काम चालू असताना सामाईक पाइपचा चौथ्या मजल्यावरील सांधा हलला असावा, असे प्लंबरचे म्हणणे आहे. बॉक्सिंगमुळे तो उघडून पाहता येत नाही. पाचव्या मजल्याच्या बाल्कनीचे व गच्चीचे पाणी याच पाइपने उतरते. यंदा पाऊस मेअखेरीसच आला. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सदनिका क्र. ३०२ च्या हॉलमध्ये, बाल्कनीच्या दारावरच्या बीमखाली ओल उतरते आहे. पाहणीच्या दिवशी तिथे परातीएवढा काळपट डाग होता, कडेने पोपडे निघाले होते आणि खाली बादली ठेवलेली होती. डागापासून हातभर अंतरावर विजेचा स्विचबोर्ड आहे. त्या घरात ७८ वर्षांच्या बाई एकट्या राहतात. नोटीस आत्ता, भर पावसात द्यावी लागत आहे ती मुख्यतः यामुळे.

संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींतील क्र. ४६ (अ) अन्वये समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही सभासदास आपल्या सदनिकेत वाढ किंवा फेरबदल करता येत नाही. ४६ (ब) अन्वये अशा परवानगीसाठी कामाचा संपूर्ण तपशील देऊन अर्ज करावा लागतो. ही परवानगी कामाच्या आधीची आहे. खुलाशात आपण "आता समितीने मान्यता द्यावी" अशी विनंती केली आहे. ती मान्य करणे समितीच्या हातात नाही, कारण मंजूर नकाशात ही जागा उघडी बाल्कनी म्हणून दाखवलेली आहे. तिचे खोलीत रूपांतर करण्यास महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाची मंजुरी लागते. ती आपण घेतलेली नाही, हे आपण स्वतःच लिहून दिले आहे. विनापरवानगी बांधकाम महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ व ५३ अन्वये आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० व ४७८ अन्वये कारवाईस पात्र ठरते.

आपल्या खुलाशातील इतर मुद्द्यांचा विचार समितीने केला आहे. कबुतरांचा त्रास खरा आहे. तो ब विंगमधील सगळ्यांनाच आहे. त्यासाठीच २०१९ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेने कठड्याच्या आतल्या बाजूने जाळी अथवा उघडता येणारे सेफ्टी ग्रिल आणि पावसासाठी गुंडाळता येणारा पडदा यांना सरसकट मुभा दिली आहे. चिरंजीव बारावीला असून त्यांना अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी होती, हेही समितीने वाचले. संस्थेचे कार्यालय संध्याकाळी सातनंतर रिकामे असते. चिरंजीवांना ते परीक्षेपर्यंत अभ्यासासाठी वापरू द्यावे, असे समितीने २९ जूनच्या सभेत ठरवले आहे. किल्ली सुरक्षारक्षकाकडे मिळेल.

"बाल्कनीचे क्षेत्रफळ करारनाम्यात आहे, पैसे मी मोजले आहेत" हा मुद्दा बाल्कनीच्या वापरापुरता बरोबर आहे. परंतु स्लॅब, बाहेरील भिंत आणि पाइप हे इमारतीचे भाग आहेत आणि त्यांचा भार खालच्या मजल्यांवर येतो.

"इतरांनीही केले आहे" असे आपण म्हणता. समितीने दोन्ही विंग फिरून पाहिल्या. पाच सदनिकांना ग्रिल आहेत, ती २०१९ च्या ठरावात बसतात. तळमजल्यावरील दोन सदनिकांनी मागील बाजूस पत्र्याच्या शेड घातल्या आहेत. त्यांनाही आजच्याच तारखेस नोटिसा दिल्या आहेत. विटांची भिंत घालून बाल्कनी खोलीत घेतल्याचे दुसरे उदाहरण आढळले नाही.

सबब आपणांस कळविण्यात येते की,

पाइपवरील बॉक्सिंग व मोरीतील सिमेंट ही नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत काढावे आणि सांधा दुरुस्तीसाठी संस्थेच्या प्लंबरला जागा मोकळी करून द्यावी. यात मुदतवाढ मिळणार नाही.

भिंत, खिडकी व फरशीवरील भर ८ ऑगस्ट २०२५ पर्यंत काढून बाल्कनी मंजूर नकाशाप्रमाणे उघडी करावी. हॉल व बाल्कनी यांमधील भिंत आणि दरवाजा पुन्हा बसवावा. काढण्याचे काम हाताने, छिन्नी-हातोड्याने करावे. ब्रेकर लावू नये. तोडकामाच्या आधी संस्थेच्या इंजिनिअरांना कळवावे, कारण वजन कोणत्या क्रमाने उतरवायचे ते त्यांनी सांगणे आवश्यक आहे. राडारोडा लिफ्टमधून न नेता जिन्याने, गोण्यांत भरून न्यावा. कामाची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६, रविवारी काम नाही. पाऊस सलग लागून राहिल्यास इंजिनिअरांच्या लेखी शिफारशीवरून भिंतीच्या कामापुरती मुदत वाढवता येईल, पण अर्ज ८ ऑगस्टच्या आधी यायला हवा.

सदनिका क्र. ३०२ मधील प्लास्टर, रंग व विजेच्या जोडणीची दुरुस्ती आपल्या खर्चाने करून द्यावी. ओल वाळल्याशिवाय रंग लावू नये. काम पूर्ण होऊन इंजिनिअरांचा दाखला मिळेपर्यंत आपली अनामत संस्थेकडे राहील.

उपविधींचा भंग केल्याबद्दल उपविधी क्र. १६५ नुसार आपणांवर दंड का आकारू नये, याचा लेखी खुलासा १५ दिवसांच्या आत सादर करावा. दंडाचा निर्णय समिती घेणार नाही; तो विषय सर्वसाधारण सभेपुढे जाईल आणि तिथे आपले म्हणणे मांडण्याची संधी आपणांस मिळेल.

मुदतीत बाल्कनी पूर्ववत न झाल्यास संस्था छायाचित्रे व इंजिनिअरांचा अहवाल जोडून महानगरपालिकेकडे तक्रार करील आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात दाद मागेल. त्याचा खर्च आपणांकडून वसूल करण्याची मागणी तिथे केली जाईल. दरम्यान सदनिकेची विक्री, हस्तांतरण अथवा तारण यांसाठी ना-हरकत दाखला मागितल्यास त्यात या बांधकामाचा उल्लेख करणे संस्थेला भाग पडेल.

आणखी एक. "४०२ चे पाणी तोडा" अशा मजकुराचे संदेश गेल्या आठवड्यात संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले. तो समितीचा निर्णय नाही आणि होणारही नाही. पाणी, लिफ्ट, पार्किंग यांपैकी आपली कोणतीही सुविधा या कारणासाठी बंद केली जाणार नाही, आणि संबंधितांना तशी समज देण्यात आली आहे. या विषयावर ग्रुपवर उत्तरे देण्याऐवजी आपणही कार्यालयात लेखी कळवावे.

चर्चा करायची असल्यास शनिवार दि. १२ जुलै रोजी संध्याकाळी ७ वाजता संस्थेच्या कार्यालयात समिती व इंजिनिअर उपस्थित राहतील. येताना आपल्या ठेकेदारास सोबत आणावे.

कळावे,

आपले विश्वासू,
शिरीषछाया सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित करिता

(सही)
सुहास रामचंद्र देवधर
अध्यक्ष

(सही)
वैशाली प्रकाश जगताप
सचिव

सोबत : १) स्थळपाहणी अहवालाची प्रत व सात छायाचित्रे
२) मंजूर नकाशातील चौथ्या मजल्याचे पान
३) आपल्या दि. २१ एप्रिल २०२५ च्या अर्जाची प्रत
४) ठराव क्र. ६ चा उतारा

प्रत : सदनिका क्र. ३०२ च्या सभासद यांना माहितीसाठी. (आपल्या स्विचबोर्डाची लाइन इलेक्ट्रिशियनने तात्पुरती बंद केली आहे, ओल वाळेपर्यंत ती चालू करू नये.)