भाई, गुरुवारी याल?

भाई, नमस्कार. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्हाला लगेच हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून लिहितोय.

चवथ जवळ आली. देवळात गुरुवारपासून आरत्यांचा सराव सुरू होतोय, साडेसात वाजता. गेल्या चवथीला तुम्ही नव्हता. आरत्या झाल्या, चणे-खोबरं वाटलं, सगळे घरी गेले. कोणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी बाजारात तिघांनी मला एकच विचारलं, 'भाईंचं काय झालं?'

काय झालं ते मला ठाऊक आहे, मी त्या बैठकीत होतो. डिचोलीहून घुमटं आणून, स्वतःच्या खिशातून चामडं घालून तुम्ही ती मढवून दिलीत आणि आम्ही चौदाशे रुपयांची पावती मागितली. बकऱ्याच्या चामड्याची पावती कोण देतो? वर 'घुमटं मंडळाची, तुमची नव्हेत' हे वाक्य. ते मी म्हटलं नाही, पण ऐकून खाली मान घालून बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. माफ करा.

कमिटी तीच आहे, उगाच खोटं सांगत नाही. पण गेल्या महिन्यात चामड्याचा खर्च पावतीशिवाय द्यायचा असं ठरलं आणि वहीत लिहिलंही. तुमचे पैसे पाकिटात घालून खजिनदारांकडे ठेवले आहेत. घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, त्यावरून कोणी विषय काढणार नाही.

यंदा तीन नवे पोरगे घुमटावर बसतात. उजवा हात चांगला चालतो, पण डावा तळवा घुमटाच्या तोंडावर नुसता टेकवलेला. उघड-झाप नाही, त्यामुळे आवाज सगळा एकाच सुरात, मडकं बडवल्यासारखा. मी सांगून पाहिलं. मी कासाळेवाला, माझं कोण ऐकतो! परवा एकाने मोबाईलवर तुमची जुनी आरती लावली आणि डावा हात कसा फिरतो ते पाहत तिघं अर्धा तास बसले. शामेळवाला म्हणाला, 'अरे, तो माणूस दोन घरं पलीकडे राहतो.'

पावसाने चामडी सैल पडली आहेत. शेगडीजवळ किती वेळ धरायची, हाही वादच आहे. मागच्या खेपेला एक चामडं तडकलं.

कमिटीशी बोलायची गरज नाही. वाजवायचीही नाही. खांबाजवळची तुमची जागा रिकामी असते, बसा, चहा घ्या, पोरांचे हात बघा, नको वाटलं तर उठून जा. हा गुरुवार जमला नाही तर पुढचा. मुळीच यावंसं वाटलं नाही तरी मी रागावणार नाही. चवथीला माटोळी बघायला येईनच, वहिनींना सांगून ठेवा.

सात वाजता तुमच्या गेटवरून जाईन. बाहेर असलात तर एकत्र जाऊ. नसलात तर हाक मारणार नाही.

तुमचा,
कासाळेवाला शेजारी